सहाच्या वेल्डमधले ४.२ मिलिमीटर

एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडच्या छताखाली उभं राहून वर पाहिलं, तर लोखंडी कैच्यांची जाळी दिसते. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक अँगल टोकाला एका सपाट पत्र्याला वेल्ड केलेला असतो. त्या पत्र्याला गसेट प्लेट म्हणतात. छताचा भार, वाऱ्याची उचल, पत्र्यांचं वजन हे सगळं या टोकांमधून पुढे सरकतं, आणि टोकाला बघावं तर बोटभर जाडीच्या दोन वेल्डच्या रेघा असतात. त्या रेघा किती जाड आणि किती लांब हव्यात, हे कोणीतरी आधी कागदावर ठरवलेलं असतं. ड्रॉइंगवर त्याची खूण अगदी साधी असते. जोडाकडे बोट दाखवणारा एक बाण, त्याला जोडून एक आडवी रेघ, रेघेवर एक छोटा त्रिकोण, त्रिकोणाच्या डावीकडे ६ आणि उजवीकडे १५०.

त्रिकोण म्हणजे फिलेट वेल्ड, म्हणजे दोन पृष्ठभाग काटकोनात भेटतात त्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड. उजवीकडचा आकडा लांबीचा. डावीकडचा ६ मात्र फसवा आहे. तो वेल्डची जाडी सांगतो असं वाटतं, आणि वर्कशॉपमध्येही सगळे ‘सहाचा वेल्ड’ असंच म्हणतात. पण भार पेलण्याच्या हिशेबात हे सहा मिलिमीटर कुठेच येत नाहीत. तिथे येतात ४.२ मिलिमीटर.

फिलेट वेल्ड आडवा कापून पाहिला, तर त्याचा छेद काटकोन त्रिकोणासारखा दिसतो. चौकोनी वडी कोपऱ्यातून कोपऱ्यात कापली की जो अर्धा तुकडा हातात येतो, तसा. या त्रिकोणाची एक बाजू गसेट प्लेटला चिकटलेली, दुसरी अँगलला. या दोन बाजूंना लेग म्हणतात आणि ड्रॉइंगवरचा ६ म्हणजे लेगची लांबी. तिसरी, तिरकी बाजू म्हणजे बाहेरून दिसणारा वेल्डचा चेहरा. दोन्ही लेग जिथे भेटतात तो आतला कोपरा म्हणजे रूट. त्या रूटपासून चेहऱ्यापर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे थ्रोट.

अँगल ओढला गेला की वेल्ड कुठून फाटणार? जिथे धातू सर्वांत कमी आहे तिथून, म्हणजे थ्रोटमधून. दोन्ही लेग सारखे आणि कोन काटकोन असेल, तर रूटपासून तिरक्या बाजूवर टाकलेला लंब लेगच्या ०.७०७ पट भरतो. भारतातल्या पोलादी बांधकामाची संहिता, आयएस ८००, तिथे सरळ ०.७ घ्यायला सांगते. सहाच्या लेगला ०.७ ने गुणलं की ४.२ मिलिमीटर. हाच परिणामकारक थ्रोट.

मग ड्रॉइंगवर थेट ४.२च का लिहीत नाहीत? कारण लेग बाहेरून मोजता येतो. वेल्डर, सुपरवायझर, तपासनीस, कोणीही गेज लावून तो सहा आहे की पाच हे सांगू शकतो. थ्रोटचं एक टोक मात्र धातूच्या आत दडलेलं असतं. हिशेब लागतो थ्रोटचा आणि माप मिळतं लेगचं, म्हणून ०.७ची ही ये-जा सतत करावी लागते.

हीच ये-जा परदेशी ड्रॉइंगवर उलटी होऊ शकते. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे काढलेल्या ड्रॉइंगवर आकड्याआधी एक अक्षर असतं. z6 लिहिलं असेल तर सहा हा लेग, आणि a6 लिहिलं असेल तर सहा हा थ्रोट. युरोपातल्या, विशेषतः जर्मन कंपन्यांच्या कागदांवर a सर्रास असतो, आणि अशी ड्रॉइंगं पुण्याच्या आसपासच्या फॅब्रिकेटरना नवीन नाहीत. a6 साठी लेग साडेआठच्या पुढे जातो. ते अक्षर न वाचता कोणी सहाचा लेग भरला, तर तीस टक्के ताकद तिथेच गेली, आणि वेल्ड दिसायला अगदी ठीक असतो. आपल्या उदाहरणात अक्षर नाही, आणि देशी ड्रॉइंगच्या रिवाजाप्रमाणे ६ हा लेगच आहे.

आता लांबी. थ्रोट कळला की पुढचा प्रश्न असा की एक मिलिमीटर लांबीचा वेल्ड किती भार घेईल. ४.२ मिलिमीटर थ्रोट आणि एक मिलिमीटर लांबी, म्हणजे ४.२ चौरस मिलिमीटरचा कापला जाणारा भाग. त्याला धातूच्या ताकदीने गुणायचं. बाजारात ज्याला नुसतं एमएस म्हणतात ते साधं पोलाद, ई२५० प्रतीचं, ताणून तोडायला दर चौरस मिलिमीटरला ४१० न्यूटन लागतात. वेल्डच्या धातूची आणि मूळ पोलादाची ताकद वेगळी असेल, तर संहिता त्यातली कमी असेल ती घ्यायला लावते. भारी इलेक्ट्रोड वापरला म्हणून हिशेबात ताकद वाढत नाही. वेल्ड ताणाने नाही तर कातरीने तुटतो असं धरतात, म्हणून ४१० ला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने भागायचं. उरतात साधारण २३७. शिवाय वेल्ड हा माणसाच्या हातचा माल. सगळं मनासारखं होईलच असं नाही, म्हणून आणखी एक भागाकार. वेल्ड वर्कशॉपमध्ये होणार असेल तर १.२५ ने, साइटवर होणार असेल तर १.५ ने.

वर्कशॉपसाठी उत्तर येतं १८९.४ न्यूटन दर चौरस मिलिमीटर. त्याला ४.२ ने गुणलं की ७९५. म्हणजे सहाच्या लेगचा फिलेट वेल्ड दर मिलिमीटर लांबीला ७९५ न्यूटन घेतो, ढोबळमानाने ऐंशी किलोचा भार. डिझाइन ऑफिसात बसणाऱ्यांना हा आकडा पाठच असतो, आणि पोलाद तेच असेल तोवर तो बदलत नाही. पाचच्या लेगला ६६३, आठच्या लेगला १०६१.

आता आपल्या कैचीतला एक ताणाचा अँगल घेऊ. ७५ बाय ७५, जाडी ८ मिलिमीटर, गसेट प्लेट १० मिलिमीटर जाड. प्रत्यक्षात येणारा ताण १०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दहा टनांची ओढ. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीतल्या पद्धतीने हा भार आधी १.५ पट वाढवायचा, म्हणजे १५०. वेल्डची ताकद या वाढवलेल्या भाराशी ताडून बघायची असते. इथे एक घोटाळा वारंवार होतो. मूळ भार १०० घेतला आणि ताकद मात्र नव्या पद्धतीची १८९.४ घेतली, तर लांबी १२६ मिलिमीटर निघते. सगळे गुणाकार बरोबर, पण वेल्ड एक तृतीयांशाने आखूड. जुन्या पद्धतीत मूळ भार आणि कमी परवानगीची ताकद अशी जोडी असायची. नव्या पद्धतीत वाढवलेला भार आणि जास्त ताकद अशी जोडी आहे. एकीतला भार आणि दुसरीतली ताकद घेतली की हिशेब बिघडलाच.

१५० किलोन्यूटन म्हणजे १,५०,००० न्यूटन. त्याला ७९५ ने भागलं की १८९ मिलिमीटर. ही लागणारी एकूण परिणामकारक लांबी. पाठ्यपुस्तकातलं गणित इथे संपलं तरी चालतं, पण हा वेल्ड प्रत्यक्ष अँगलवर कुठे घालायचा ते अजून ठरायचंय.

आधी सहाचा लेग इथे बसतो का ते पाहू. अँगलच्या दोन कडा गसेटला वेल्ड होणार. एक कोपऱ्याकडची, जिथून अँगलचा दुसरा पंखा उभा राहतो. तिथे कोपरा ऐसपैस असतो, लेगला अडचण नाही. दुसरी धारेकडची, म्हणजे पंख्याचं मोकळं टोक. रोलिंग मिलमधून आलेल्या अँगलची ही धार किंचित गोलसर असते, म्हणून तिथे लेग जाडीच्या पाऊणपटीपेक्षा मोठा घ्यायचा नाही असा नियम आहे. आठ मिलिमीटरच्या पाऊणपट म्हणजे बरोबर सहा. तिथे कोणी आठचा लेग लिहिला, तर वेल्डर धारच वितळवून टाकेल. मग वेल्ड कुठे सुरू झाला आणि अँगल कुठे संपला हे दिसणारच नाही, आणि लेग आठ भरला की सहा हे कोणाला सांगता येणार नाही. खालच्या बाजूचीही एक मर्यादा आहे. जाड प्लेटवर फार बारीक वेल्ड घातला, तर प्लेट उष्णता इतक्या झटकन ओढून घेते की वेल्ड तडकू शकतो. दहा मिलिमीटरपर्यंतच्या प्लेटला किमान तीनचा लेग चालतो. सहा दोन्ही मर्यादांच्या आत आहे.

आता १८९ मिलिमीटर दोन कडांवर वाटायचे. निम्मे निम्मे केले तर? अँगलमधला ताण पंख्याच्या मधोमध वाहत नाही. अँगलच्या छेदाचा गुरुत्वमध्य कोपऱ्याच्या बाजूला झुकलेला असतो. ७५-७५-८ च्या अँगलमध्ये तो कोपऱ्याच्या पाठीपासून २१.४ मिलिमीटरवर असतो, धारेपासून ५३.६ वर. दोन्हीकडे सारखा वेल्ड घातला, तर वेल्डचा विरोध मधोमध आणि ओढ एका बाजूला, अशी परिस्थिती होऊन जोडाला पीळ बसतो. म्हणून वाटणी अंतरांच्या व्यस्त प्रमाणात करायची. जी कड ओढीच्या जवळ, तिच्याकडे जास्त भार.

कोपऱ्याकडच्या वेल्डच्या वाट्याला १५० गुणिले ५३.६ भागिले ७५, म्हणजे १०७.२ किलोन्यूटन. उरलेले ४२.८ धारेकडे. ७९५ ने भागल्यावर कोपऱ्याकडे १३५ मिलिमीटर आणि धारेकडे ५४ मिलिमीटर.

यातले ५४ चालत नाहीत. अँगलचं टोक फक्त दोन बाजूंच्या वेल्डनी धरलेलं असेल, तर प्रत्येक बाजूची लांबी त्या दोन वेल्डमधल्या अंतराइतकी तरी हवी, असं संहिता सांगते. दोन वेल्ड एकमेकांपासून लांब आणि स्वतः आखूड असले, तर ताण पंख्याच्या पूर्ण रुंदीवर पसरायला जागाच मिळत नाही. तो दोन कडांपाशी गोळा होतो आणि मधलं पोलाद नुसतं बसून राहतं. इथे कडांमधलं अंतर ७५ मिलिमीटर आहे. म्हणून धारेकडे भार ५४ पुरता असला तरी वेल्ड ७५ चा. असं केल्याने वेल्डचा समतोल किंचित ढळतो हे खरं, पण धारेकडे जादा ताकद राहते आणि कोपऱ्याकडचा हिशेब कुठे कमी पडत नाही.

दुसरा मार्ग असा की अँगलच्या टोकालाही आडवा वेल्ड घालायचा. त्या ७५ मिलिमीटरच्या वेल्डने जवळजवळ साठ किलोन्यूटन उचलले की बाजूचे वेल्ड बरेच आखूड होतात. गसेटवर जागा कमी असेल तिथे हाच मार्ग बरा. कैचीच्या सांध्यात चार अँगल एकत्र आले की जागेची मारामारी असतेच.

आता परिणामकारक या शब्दाकडे येऊ. तो लांबीलाही लागतो. वेल्डर आर्क पेटवतो तेव्हा पहिले काही मिलिमीटर प्लेट थंड असते आणि धातू नीट मुरत नाही. थांबतो तेव्हा शेवटी क्रेटर नावाचा छोटा खळगा उरतो. दोन्ही टोकांना लेग आणि थ्रोट पूर्ण भरलेले नसतात. संहितेच्या लेखी जेवढ्या लांबीत वेल्ड पूर्ण मापाचा आहे तेवढीच लांबी मोजायची. म्हणून प्रत्यक्ष वेल्ड घालताना परिणामकारक लांबीत लेगच्या दुप्पट भर घालतात. सहाच्या लेगला बारा मिलिमीटर. कोपऱ्याकडे १३५ अधिक १२ म्हणजे १४७, गोळाबेरीज १५०. धारेकडे ७५ अधिक १२ म्हणजे ८७, गोळाबेरीज ९०.

ड्रॉइंगवर मग काय लिहायचं, १३५ की १५०? आयएस ८०० ची भाषा बघितली तर ड्रॉइंगवर परिणामकारक लांबी दाखवायची आणि दुप्पट लेगची भर प्रत्यक्षात घालायची. पण बरीच डिझाइन ऑफिसं ही भर स्वतःच घालून एकूण लांबी लिहितात. दोन्ही पद्धती चालण्यासारख्या आहेत. भांडण होतं ते ऑफिस एक धरून चालतं आणि वर्कशॉप दुसरं, तेव्हा. वर्कशॉपने आणखी बारा घातले तर थोडं इलेक्ट्रोड वाया जातं, एवढंच. पण ऑफिसने परिणामकारक लांबी लिहिली आणि वेल्डरने टोकापासून टोकापर्यंत तेवढीच भरली, तर आखूड वेल्डांमध्ये ही बारा मिलिमीटरची तूट चांगलीच बोचते. ५४ च्या वेल्डमधून बारा गेले की ४२ राहतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘दाखवलेली लांबी एकूण आहे’ अशी एक ओळ लिहिली, तर हा वाद उद्भवतच नाही. माझ्या मते ती ओळ छापील टेम्प्लेटमध्येच टाकून ठेवावी.

टोकाला वेल्ड जिथे संपतो तिथे तो अचानक न थांबवता कोपरा वळवून लेगच्या दुप्पट अंतर पुढे न्यायचा असतो. इथे तेही बारा मिलिमीटरच. ताण सर्वांत जास्त टोकांशी असतो, आणि नेमका तिथेच क्रेटर सोडणं म्हणजे फाटायला सुरुवात करून देण्यासारखं.

त्रिकोणाची खूण असलेल्या आडव्या रेघेला, बाणाच्या वळणापाशी, कधीकधी एक इवलासा झेंडा काढलेला असतो. त्याचा अर्थ हा वेल्ड साइटवर करायचा. वेल्डरला तो झेंडा कामाची जागा सांगतो, डिझाइन करणाऱ्याला मात्र तो भागाकाराचा आकडा सांगतो. शिडीवर, वाऱ्यात, डोक्यावरचा वेल्ड करणाऱ्या माणसाकडून वर्कशॉपच्या टेबलावरच्या सफाईची अपेक्षा संहिता ठेवत नाही, म्हणून १.२५ च्या जागी १.५. मग दर मिलिमीटरची ताकद ७९५ वरून ६६३ न्यूटनवर उतरते आणि एकूण लांबी १८९ वरून २२६ वर चढते. कोपऱ्याकडे १६२ अधिक बारा, म्हणजे १७५ धरायचे. धारेकडे हिशेब ६५ चा, पण ७५ ची किमान अट आधीच लागू आहे, म्हणून तिथे ९० च राहतात. वर्कशॉपमध्ये जोडायचं ठरलेली कैची ट्रकवर मावत नाही म्हणून दोन तुकड्यांत पाठवायची वेळ आली, तर हा भाग पुन्हा तपासावा लागतो. ट्रकची लांबी वेल्डची लांबी बदलते ती अशी, आणि ते डिझाइन ऑफिसला कळवायचं अनेकदा राहून जातं.

लेग मोठा करून लांबी कमी का करू नये, हा प्रश्न जागेच्या अडचणीत हटकून येतो. आठचा लेग घेतला की १८९ च्या ठिकाणी १४२ मिलिमीटर पुरतात. पण ताकद लेगच्या प्रमाणात वाढते आणि लागणारा धातू लेगच्या वर्गाच्या प्रमाणात. सहाच्या वेल्डचा छेद १८ चौरस मिलिमीटर, आठचा ३२. लांबी कमी होऊनही आठच्या वेल्डला तेहतीस टक्के जास्त धातू लागतो. शिवाय हाताच्या वेल्डिंगमध्ये सहाचा लेग सहसा एका रनमध्ये भरतो, आठला बहुतेक वेळा एकावर एक रन घालावे लागतात आणि प्रत्येक रननंतर स्लॅग झाडून साफ करावा लागतो. जास्त उष्णता म्हणजे प्लेट वाकण्याची भीतीही आली. जागा असेल तर बारीक आणि लांब वेल्ड स्वस्त पडतो. आपल्या अँगलच्या धारेला तर आठ बसतच नाही.

काटकोन नसेल तेव्हा ०.७ ही चालत नाही. तिरकी प्लेट ११० अंशांच्या बोथट कोनात भेटली, तर तोच सहाचा लेग असूनही वेल्ड पसरट होतो आणि रूटपासूनचं अंतर घटतं. संहितेचा तक्ता तिथे ०.५५ देतो, म्हणजे थ्रोट ३.३. साठ अंशांपासून नव्वदपर्यंत मात्र ०.७ च घ्यायचे, आणि साठच्या खाली किंवा एकशेवीसच्या वर तक्ता संपतो.

कागदावरचे हे ४.२ मिलिमीटर प्रत्यक्षात उतरले की नाही, हे कसं कळतं? फिलेट गेज म्हणजे स्टीलच्या पातळ पानांचा एक जुडगा. प्रत्येक पानावर एक माप. पानाच्या एका टोकाने लेग तपासतात आणि दुसऱ्या, मध्ये टोक काढलेल्या खाचेने थ्रोट. बरेच जण लेगवर थांबतात, आणि तिथे दोन गोष्टी निसटतात.

पहिली असमान लेगची. प्लेट आडवी आणि अँगलचा पंखा उभा असेल, तर वितळलेला धातू ओघळून खालच्या प्लेटवर बसतो. खालचा लेग आठ, वरचा पाच. सरासरी काढून साडेसहा म्हणणारे भेटतात. संहिता लहान लेग धरते, म्हणजे पाच, आणि थ्रोट ३.५. वर अँगलच्या अंगात बहुतेक वेळा अंडरकट नावाची चरही पडलेली असते. उपाय वेल्डरला ठाऊक असतो. जोड शक्य तिथे पंचेचाळीस अंशांत तिरका टेकवून ठेवायचा, की धातू कोपऱ्यात सारखा बसतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. करंट जास्त असला, आर्क लांब धरली किंवा वरून खाली वेल्ड ओढला, तर चेहरा आत दबलेला, खोलगट होतो. असा वेल्ड दिसायला सुंदर असतो, गुळगुळीत, प्लेटमध्ये विरघळल्यासारखा. लेगचं गेज लावलं की दोन्हीकडे सहा. थ्रोटचं टोक लावलं की ते वेल्डला टेकतच नाही, मधून उजेड दिसतो. फुगीर वेल्डमध्ये उलट होतं. मध्ये धातू जास्त असतो, पण त्या फुगवट्याचं श्रेय हिशेबात मिळत नाही, आणि फुगवटा फार असला तर कडेच्या खाचेत ताण साठतो तो वेगळाच.

दोन तुकड्यांमधल्या फटीचंही असंच. अँगल वाकडा असेल आणि गसेटपासून दोन मिलिमीटर उचललेला राहिला, तर सहाच्या लेगमधले दोन त्या फटीवरच खर्च होतात. बाहेरून लेग सहा, कामाचे चार. फट दोनच्या वर असेल तर तेवढाच लेग वाढवायचा, असा अमेरिकेच्या एडब्ल्यूएस संहितेचा नियम आहे. त्याआधी क्लॅम्पने अँगल दाबून फट घालवता आली तर उत्तम.

आपल्या अँगलवर खोलगट वेल्ड सापडला असं धरू. गेजने थ्रोट ३.६ भरला. लेग सहाच आहेत, पण ३.६ ला ०.७ ने भागलं तर हा पाचच्या लेगचाच वेल्ड आहे. दर मिलिमीटरची ताकद ७९५ वरून ६८२. कोपऱ्याकडे एकूण १५० घातला होता, दोन्ही टोकांचे बारा वजा केले की १३८ उरतात, आणि त्यांची ताकद ९४ किलोन्यूटन. लागतात १०७.२. हा वेल्ड नापास. गसेटवर पुढे जागा असेल तर तो वाढवायचा. लागतात १५७ परिणामकारक, म्हणजे एकोणीस मिलिमीटर जास्त. जुना क्रेटर घासून, त्याच्यावरूनच नवीन सुरुवात करून पंचवीस पुढे न्यायचा. जागा नसेल तर स्लॅग स्वच्छ काढून संपूर्ण लांबीवर आणखी एक रन घालायचा, म्हणजे खोलगा भरेल. धारेकडचा वेल्ड त्याच वेल्डरने, त्याच करंटवर केलाय आणि तिथेही थ्रोट ३.६ च आहे. पण तिथे ९० मधले ७८ कामाचे, त्यांची ताकद ५३ किलोन्यूटन, आणि लागतात ४२.८. तो तसाच राहू द्यायचा.